आधी नुसतं ‘अरे वा!’

सीएच्या अंतिम परीक्षेत ५३ टक्के मिळाले, असं एखाद्या मुलीनं फोनवर सांगितलं की पलीकडे बहुतेक वेळा क्षणभर शांतता पसरते. मग ‘बरं... पण पास झालीस ना, ते महत्त्वाचं,’ असं काहीसं ऐकू येतं. सांत्वनाच्या सुरातलं हे वाक्य ज्या दिवशी बोललं जातं, तो दिवस तिच्या आजवरच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा असतो. फोनवरच्या आत्या किंवा मामा काही दुष्ट नसतात. त्यांनी फक्त ‘किती टक्के?’ असं विचारलेलं असतं, आणि आलेलं उत्तर दहावी-बारावीच्या मापानं मोजलेलं असतं.

ते माप इथे का चालत नाही, हे जरा नीट बघण्यासारखं आहे. मे २०२४पासून लागू झालेल्या नव्या रचनेत सीएच्या अंतिम परीक्षेला सहा पेपर असतात, तीन-तीनचे दोन गट. प्रत्येक पेपर शंभर गुणांचा. पास व्हायचं तर प्रत्येक पेपरात किमान ४० गुण हवेत, शिवाय गटाची बेरीज ५० टक्क्यांच्या खाली जाता कामा नये. म्हणजे एखाद्याला दोन पेपरांत सत्तर-सत्तर मिळाले आणि तिसऱ्यात ३९, तर सगळा गट गेला. साठ किंवा त्याहून जास्त गुण मिळालेल्या पेपरांतून पुढच्या तीन प्रयत्नांपुरती सूट मिळते, पण निकालावर ‘नापास’च उमटतं. २०२४च्या मे आणि नोव्हेंबर या दोन्ही सत्रांत दोन्ही गट एकदम देणाऱ्यांपैकी वीस टक्क्यांहूनही कमी विद्यार्थी दोन्ही गटांत उत्तीर्ण झाले. या परीक्षेत ५३ टक्के म्हणजे काय, हे त्याच वाटेनं गेलेल्या माणसाला लगेच कळतं. बाकीच्यांना ते कळायचं काही कारण नाही, आणि न कळण्यात गैरही नाही. गैर एवढंच होतं की, न कळणाऱ्या गोष्टीबद्दलचा प्रश्न सगळ्यात आधी विचारला जातो.

समजा, मूळची कोल्हापूरची एक मुलगी पुण्यात एका फर्ममध्ये आर्टिकलशिप करून घरी परतली आहे. निकालाच्या दिवशी ती नोंदणी क्रमांक आणि बैठक क्रमांक टाकते, पान उघडायला वेळ लागतो, आणि मग गुण दिसतात. पहिल्या गटात ४४, ६६ आणि ४७, बेरीज १५७. दुसऱ्यात ५२, ५८ आणि ५१, बेरीज १६१. एकूण सहाशेपैकी ३१८. पहिल्या पेपरातले ४४ हे रेषेच्या फक्त चार गुण वर आहेत, आणि पहिला गट जेमतेम सात गुणांनी सुटला आहे. तिला हे आकडे नुसते दिसत नाहीत, त्यांच्यामागचा ताप, रात्री आणि ऑडिटच्या पेपरात सुटलेला प्रश्न असं सगळं एकदम दिसतं. आईला मिठी मारून झाल्यावर ती आत्याला फोन लावते.

‘आत्या, मी सीए झाले.’

‘हो का? किती टक्के?’

‘त्रेपन्न.’

‘बरं. आणि कितव्या प्रयत्नात?’

‘दुसऱ्या. पहिल्यांदा पहिला गट राहिला होता.’

‘असू दे, असू दे. आता पुढे काय? नोकरी बघणार की स्वतःचं ऑफिस?’

पुढची दोन मिनिटं ती मुंबईतल्या नोकऱ्या, भाडी आणि कोल्हापुरात ऑफिस काढायचं तर लागणारी जागा यांबद्दल बोलते. मग ‘बरं, ठेवते, अजून बऱ्याच जणांना सांगायचंय,’ म्हणून फोन ठेवते. सगळं संभाषण प्रेमाचं होतं. आत्यानं तिच्याबद्दल कुतूहल दाखवलं, तिच्या पुढच्या आयुष्याची काळजीही केली. आणि तरीही ‘मी सीए झाले’ या वाक्याला उत्तर म्हणून एकही शब्द मिळाला नाही. पहिल्या मिनिटाच्या आतच तिला स्वतःचं अपयश सांगावं लागलं, तेही तिनं ते सांगायचं ठरवलेलं नसताना.

प्रश्नाचा स्वभावच असा आहे. तो विचारला की समोरच्याला उत्तर द्यावंच लागतं, आणि काय बोलायचं हेही विचारणारा ठरवतो. माणसांचं रोजचं बोलणं ध्वनिमुद्रित करून त्याचा बारीक अभ्यास करणारी समाजशास्त्राची एक शाखा आहे. तिच्यातल्या अभ्यासकांना प्रश्न आणि उत्तर ही जोडी फार पक्की असल्याचं दिसलं. प्रश्नानंतर उत्तर आलं नाही तर ते न येणंच लक्षात येतं आणि त्याचा अर्थ लावला जातो. चांगली बातमी सांगणाऱ्यावर हे ओझं पडतं तेव्हा तो सांगणारा राहत नाही. तो तोंडी परीक्षा देऊ लागतो.

याच शाखेतले अमेरिकन अभ्यासक डग्लस मेनार्ड यांनी बातमी कशी सांगितली जाते आणि ऐकणारा ती कशी स्वीकारतो यावर बराच काळ काम केलं. २००३ मध्ये त्यांचं या विषयावरचं पुस्तक आलं. घरगुती फोनवरच्या गप्पांपासून डॉक्टरांच्या खोलीतल्या संभाषणांपर्यंत त्यांनी पाहिलं, आणि बातमीच्या देवाणघेवाणीत चार पावलं दाखवली. आधी बातमी येते. मग ऐकणाऱ्याची पहिली दाद. मग सांगणारा तपशील देतो. आणि मग ऐकणारा त्या साऱ्यावर आपलं मत सांगतो, ‘केवढं छान झालं’ वगैरे. वाईट बातमी लोक आडवळणानं, दबकत सांगतात. चांगली बातमी उघडपणे, थेट येते. या चार पावलांत आपल्यासाठी दुसरं पाऊल महत्त्वाचं. ते अगदी छोटं असतं, एक-दोन शब्दांचं, आणि तिसऱ्या पावलाचं दार तेच उघडतं. ‘अगं बाई!’ किंवा ‘काय सांगतेस!’ एवढं उमटलं की सांगणारी आपणहून पुढचं सांगू लागते. ‘काय सांगतेस!’ हे दिसायला प्रश्नासारखं असलं तरी ते उत्तर मागत नाही. ऐकणाऱ्याच्या डोक्यात आत्ता काहीतरी बदललं, एवढीच खूण ते देतं.

आत्याच्या फोनमध्ये हे दुसरं पाऊल गळालं. ‘हो का?’ला तिथे जागा होती, पण त्याच श्वासात ‘किती टक्के?’ आलं आणि ‘हो का?’ निव्वळ खाकरण्यासारखं ठरलं. तपशील आला, पण आत्यानं निवडलेला. मुलीनं स्वतः निवडला असता तर ती कदाचित ४४ गुणांबद्दलच बोलली असती, पण हसत. ‘आत्या, चार गुणांनी वाचले गं!’ असं. आकडा तोच, पण एका बाजूला तो सुटकेचा आनंद आहे आणि दुसऱ्या बाजूला कबुलीजबाब.

मानसशास्त्रात या विषयाचा अभ्यास तसा उशिरा सुरू झाला. संकटात माणसं एकमेकांना आधार कसा देतात यावर भरपूर लिहिलं गेलं होतं, आनंदात काय होतं याकडे फारसं कुणी पाहिलं नव्हतं. १९९४ मध्ये ख्रिस्तोफर लँग्स्टन यांनी असं मांडलं की, चांगली घटना दुसऱ्याला सांगितल्यानं त्या घटनेपासून मिळणाऱ्या आनंदात आणखी भर पडते. दहा वर्षांनी, २००४ मध्ये, शेली गेबल, हॅरी रीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढचा प्रश्न घेतला: ऐकणारा काय करतो, यानं काही फरक पडतो का? त्यांनी प्रतिसादांचे चार प्रकार केले. सीए झालेल्या मुलीच्या घरी हे चारही प्रकार एकाच संध्याकाळी भेटू शकतात.

एक काका मनापासून खूश होतात, पण ‘छान, छान’ म्हणून पुन्हा पेपरात डोकं घालतात. हा आनंद असतो, पण तो पोचत नाही. दुसरे एक नातेवाईक बातमीतली खोट तत्परतेनं काढून दाखवतात: ‘आता सीए पण गल्लोगल्ली झालेत, आणि जबाबदारी किती, सही केली की अडकलाच.’ तिसरी मावसबहीण बातमी ऐकते आणि ‘अगं, आमच्याकडे पाणीच आलं नाही सकाळपासून,’ असं सांगू लागते. आणि चौथी शेजारीण दारातच दोन्ही हात धरून ‘अगं, खरंच! ये, आत ये आधी,’ म्हणते. गेबल यांच्या अभ्यासात ज्यांचे जोडीदार या शेजारणीसारखे वागतात त्यांचं नातं अधिक समाधानाचं आढळलं. बाकीच्या तिन्ही प्रकारांचा समाधानाशी संबंध उलटा निघाला, अगदी त्या ‘छान, छान’ म्हणणाऱ्या काकांचासुद्धा. हे थोडं अन्यायाचं वाटतं, कारण काकांच्या मनात वाईट काहीच नव्हतं. पण सांगणाऱ्याला मन दिसत नाही, पेपर दिसतो.

इथे एक अडचण लपवून चालणार नाही. गेबल यांच्या प्रश्नावलीत उत्साही प्रतिसादाची एक खूण ‘जोडीदार बरेच प्रश्न विचारतो आणि मनापासून रस दाखवतो’ अशी आहे. म्हणजे प्रश्न वाईट नाहीत, उलट ते आस्थेचं लक्षण मानले आहेत. मग आत्याचं चुकलं कुठे? उत्तर क्रमात आहे आणि प्रश्नाच्या जातीतही. जोडीदार प्रश्न विचारतो तेव्हा त्याचा आनंद आधीच दिसलेला असतो, आणि प्रश्न त्या क्षणाकडे परत नेणारे असतात. आपल्याकडे निकालाच्या दिवशी विचारले जाणारे प्रश्न सहसा क्षणापासून दूर नेतात. ‘किती टक्के’ शेजारच्या मुलाकडे नेतो, ‘कितवा प्रयत्न’ मागच्या अपयशाकडे, ‘आता पुढे काय’ उद्याच्या चिंतेकडे. एमपीएससीची पूर्वपरीक्षा पास झालेल्या मुलाला तर ‘पोस्ट कुठली मिळणार?’ असं विचारतात. पूर्वपरीक्षेचे गुण अंतिम निवडीत धरतच नाहीत आणि मुख्य परीक्षा, मुलाखत अजून समोर उभ्या आहेत, हे त्यानं मग समजावून सांगायचं. म्हणजे स्वतःच्या तोंडानं आपली बातमी लहान करायची.

त्यामुळे उत्तम प्रश्न कोणता, हे शोधत बसण्यापेक्षा सोपा मार्ग म्हणजे पहिल्या काही वाक्यांत प्रश्नच नको. हा काही कुठल्या प्रयोगशाळेत सिद्ध झालेला नियम नाही, पण त्याचा फायदा उघड आहे. चांगला प्रश्न आणि बोचरा प्रश्न यांतला फरक ओळखण्यासाठी त्या परीक्षेची माहिती लागते. आनंद दाखवायला काहीच माहिती लागत नाही. ज्या आजीला सीए म्हणजे काय हेच ठाऊक नाही, ती ‘माझी बाय ती!’ म्हणून गालांवरून हात फिरवते आणि स्वतःच्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडते, तेव्हा तिच्याकडून काहीच राहून जात नाही. निकाल लागला की हातावर साखर ठेवणं, देवापुढे दिवा लावून मुलीला ओवाळणं, दृष्ट काढणं, या सगळ्या घरगुती रीतींत एक गोष्ट समान आहे. त्यांत सांगणाऱ्याला काहीही बोलावं लागत नाही. त्यानं नुसतं उभं राहायचं, बाकी सगळं समोरचा करतो.

फोनवर साखर ठेवता येत नाही, तिथे बोलावंच लागतं. मग प्रश्नाशिवाय बोलायचं काय? सगळ्यात उपयोगी पडते ती ऐकणाऱ्याची स्वतःची आठवण. ‘दिवाळीत सगळे फटाके उडवत होते आणि तू वरच्या खोलीत बसली होतीस, मला आठवतंय,’ असं आत्या म्हणाली असती, तर ते कौतुकही झालं असतं आणि मुलीचे श्रम कुणीतरी पाहिले होते याचा पुरावाही. अशा वाक्यापुढे मुलगी बहुतेक स्वतःच म्हणते, ‘हो गं, आणि ती ऑडिटची पुस्तकं...’ आणि गोष्ट सुरू होते. आठवण नसेल तर स्वतःला काय वाटलं ते सांगता येतं: ‘मला इतका आनंद झालाय, मी आत्ता खुर्चीवरून उठलेच.’ आणि तेही नसेल तर बातमीच तिच्याच शब्दांत परत म्हणायची. ‘सीए झालीस! आमच्या घरात सीए!’ हे वेडेपणाचं वाटतं, पण बातमी पोचली याची याहून स्पष्ट पोचपावती नाही. त्यानंतर थोडं थांबायचं. फोनवरची दोन-तीन सेकंदांची शांतता ऐकणाऱ्याला टोचते आणि प्रश्न बहुधा तीच भरून काढण्यासाठी तोंडातून निसटतो. तेवढी शांतता सोसली की समोरचा ती आपल्या मर्जीनं भरतो.

रीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असं दिसलं की, अनोळखी माणसानं जरी उत्साहानं ऐकलं, तरी सांगणाऱ्याला ती घटना आधीपेक्षा मोलाची वाटू लागते. हे नीट लक्षात घेण्यासारखं आहे. घटना तीच, पण ती सांगून झाल्यावर तिची किंमत वर गेली. याचा उलटा अर्थ असा निघू शकतो की, चार नातेवाइकांकडून ‘बरं, त्रेपन्न’ ऐकलेल्या मुलीला रात्रीपर्यंत आपला निकाल सकाळपेक्षा लहान वाटत असेल. तसं झालंय हे कळायलाही फारसं काही लागत नाही. तिच्या बातमीला तिनंच ‘पण’ जोडायला सुरुवात केलेली असते. सकाळी ‘मी सीए झाले’ होतं, दुपारी ‘झाले, पण गुण फार नाहीत’ होतं. वाक्यं आखूड होतात, ती लवकर फोन ठेवते, आणि पाचव्या नातेवाइकाला फोन करायचं काम आईवर सोपवते.

अर्थात उत्साहाचाही अतिरेक होतो. ‘आता काय, तू तर अंबानींचा हिशेब बघणार!’ असं म्हणणारे मामा आनंदातच असतात, पण त्या वाक्यात नवं ओझं आहे. आजचं यश साजरं व्हायच्या आत त्याच्यापुढची अपेक्षा उभी राहिली. ‘आम्हाला माहीतच होतं’ हे तर सगळ्यात फसवं वाक्य आहे. बोलणाऱ्याला तो विश्वास वाटतो. ऐकणाऱ्या मुलीला मात्र निकालाच्या पानावर बोट थरथरत होतं ते आठवतं, आणि तिचं जे अगदी थोडक्यात वाचलं ते यांनी आधीच गृहीत धरलं होतं हे कळतं. ‘पेढे कधी?’बद्दल मात्र मतभेद होऊ शकतात. तो प्रश्न आहे, मागणी आहे, आणि खर्चाचीही. पण त्यात पेढ्यांइतकी मोठी बातमी आहे हे मान्य केलेलं असतं, म्हणून तो क्षम्य. फक्त पहिलं वाक्य म्हणून नको.

कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर प्रकार वेगळाच असतो. तिथे निकालाचा फोटो पडला की फुलांच्या गुच्छांची आणि टाळ्यांची रांग लागते. मजकूर एकच, ‘हार्दिक अभिनंदन’, आणि बरेचदा तोही वरच्याचाच उचललेला. यात प्रश्न नाही हे खरं, पण यात तीही नाही. गेबल यांच्या वर्गवारीत हे काकांच्या ‘छान, छान’च्या शेजारी बसेल. त्याच ग्रुपवर एखाद्या भावानं ‘तायडे!!!’ एवढंच लिहिलं तर ते तिच्या जास्त जवळ पोचतं, कारण ते तिला सोडून दुसऱ्या कुणाला लिहिताच आलं नसतं.

सगळ्यात अवघड जागा ही, जिथे ऐकणाऱ्याच्या मनातच गुंता असतो. आत्याचा स्वतःचा मुलगा त्याच परीक्षेत तिसऱ्यांदा राहिला असेल, तर ‘कितव्या प्रयत्नात?’ हा प्रश्न भाचीबद्दल नसतोच, तो स्वतःच्या घराबद्दल असतो. तिच्याकडून उसन्या उत्साहाची अपेक्षा करणं क्रूर आहे, आणि खोटा उत्साह फोनवरही ओळखू येतो. अशा वेळी छोटं पण खरं वाक्य पुरतं: ‘शाब्बास गं. खूप कष्ट केलेस तू.’ एवढं बोलून फोन वहिनीकडे दिला तरी चालतं. अडचण उलट बाजूनंही असते. एकाच घरात एक भावंडं पास आणि एक नापास झालं, तर आईवडील पुष्कळदा पास झालेल्याचा आनंद आवरता घेतात, दुसऱ्याला वाईट वाटू नये म्हणून. हेतू समजण्यासारखा आहे. पण पास झालेल्यानं मग आपली बातमी अपराध्यासारखी सांभाळायची का? दोघांशी वेगवेगळं, वेगळ्या खोलीत बोलणं जास्त बरं.

व्यवहाराचे प्रश्नही खरे असतातच. सीए झालेल्या मुलीला संस्थेचं सभासदत्व घ्यायचं असतं, नोकरीच्या मुलाखती ठरवायच्या असतात, प्रॅक्टिस करायची असेल तर त्यासाठीचं प्रमाणपत्र काढायचं असतं. यांतलं काहीच निकालाच्या दुपारी होत नाही. आत्याला मनापासून मदत करायची असेल, तिच्या ओळखीचं कुणी मोठ्या फर्ममध्ये असेल, तर तो फोन दोन-चार दिवसांनी करता येतो आणि त्या वेळी ‘पुढे काय ठरवलंयस?’ हा फार उपयोगी प्रश्न असतो. आणि ज्यांच्या तोंडून निकालाच्या दिवशीच ‘किती टक्के?’ निसटलं, त्यांच्यासाठीही वाट बंद झालेली नाही. संध्याकाळी पुन्हा फोन लावून, ‘सकाळी मी नुसती चौकशीच करत बसले. मला खरं तर सांगायचं होतं की फार आनंद झालाय. दिवसभर सगळ्यांना सांगत होते,’ एवढं म्हटलं तरी चालतं. बहुतेक मुली त्यावर हसतात, आणि मग ऑडिटच्या पेपरातल्या त्या सुटलेल्या प्रश्नाची गोष्ट अगदी पहिल्यापासून सांगतात.